शंका-समाधान : ‘सर, संभाजीनगरला काही आहे का?’

प्रश्न : मी जाफराबादचा. यंदा तालुक्यातल्याच कॉलेजातून बी.एस्सी. झालो, विषय रसायनशास्त्र, फर्स्ट क्लास आहे. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, साडेतीनशेच्या वर लोक आहेत आणि त्यातले बरेच वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांत आहेत, असं आमचे सर सांगतात. घरच्या अडचणीमुळे मला पुण्याला जाता येणार नाही, छत्रपती संभाजीनगरच हवं आहे. मी ग्रुपवर टाकलं : ‘आदरणीय सीनियर्स, माझी बी.एस्सी. पूर्ण झाली आहे. संभाजीनगरला कुठेही, कोणत्याही फील्डमध्ये व्हेकन्सी असल्यास कृपया कळवा. प्लीज हेल्प.’ चौघांनी हात जोडले, एकाने ‘रिझ्युम टाक’ म्हटलं. टाकला. पुढे काहीच नाही. नंतर कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि मेसेज वर गेला. पुन्हा टाकू का? लोक वैतागतील का? – एक पदवीधर, जाफराबाद

उत्तर : पुन्हा टाका, कुणी वैतागत नाही. मात्र हाच मेसेज पुन्हा टाकू नका.

ग्रुपमधला एखादा सीनियर डोळ्यांसमोर आणा. तो औषधाच्या कारखान्यात क्यूसीला आहे, दुसरी पाळी संपवून रात्री अकरानंतर कंपनीच्या बसमध्ये बसलाय आणि मोबाइल उघडतोय. त्याला तुमची मदत करायची आहे. आपल्या गावाकडचा पोरगा म्हटल्यावर कुणालाही वाटतंच. पण तुमच्या मेसेजवर तो करणार काय? बी.एस्सी. म्हणजे केमिस्ट्री की झूलॉजी, हे त्यात नाही. ‘कोणत्याही फील्डमध्ये’ असं लिहिल्याने तुमच्यासाठी काय शोधायचं, हे ठरवण्याचं काम त्याच्या गळ्यात पडतं, आणि दिवसभर एचपीएलसीपुढे उभा राहिलेला माणूस ते रात्री करत नाही. मग तो हात जोडतो. ते हात नकाराचे नसतात. ‘मी वाचलं, पण मला काही सुचत नाही’ एवढाच त्यांचा अर्थ.

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. नोकरीचा निरोप ग्रुपमध्ये येऊन थांबत नाही, तो पुढे जातो. सीनियर तुमचा मेसेज आपल्या सेक्शन हेडला किंवा एचआरमधल्या माणसाला फॉरवर्ड करतो. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ एवढीच खूण उरते, मूळ कुणाचा होता ते नाव किंवा नंबर सोबत जात नाही. म्हणजे तुमचा मेसेज कुणी खरंच पुढे पाठवला असेल, तरी समोरच्याला तो निनावी मिळाला. ‘हा कोण?’ असं उलट विचारण्याइतकी सवड त्याला नसते. म्हणून स्वतःचं नाव, मोबाइल नंबर आणि ई-मेल मेसेजच्या आतच लिहायचं, ग्रुपमध्ये ते दिसत असलं तरी. तीच गोष्ट रिझ्युमची. तुमच्या फाइलचं नाव मला दिसत नाही, पण दहापैकी सात पोरांच्या फाइलचं नाव `Resume final new (2).pdf` असतं. एचआरच्या मोबाइलमध्ये अशा नावाच्या पंधरा फायली पडलेल्या असतात. तुमचं नाव, आडनाव, ‘बीएस्सी केमिस्ट्री’ आणि ‘फ्रेशर’ असं फाइलचं नाव ठेवा. वर्डची फाइल पाठवू नका, मोबाइलवर तिची रचना मोडते.

आता शहराबद्दल. ‘संभाजीनगर’ हे नोकरीच्या दृष्टीने एक ठिकाण नाही. वाळूज पश्चिमेला, नगरच्या रस्त्यावर. चिकलठाणा पूर्वेला, विमानतळाच्या बाजूला. शेंद्रा त्याच्याही पुढे जालना रस्त्यावर. चितेगाव, बिडकीन आणि पैठण दक्षिणेला. वाळूजला बजाजनगरात खोली घेतलेल्या पोराला शेंद्र्याला पहिली पाळी लागली, तर अख्खं शहर ओलांडावं लागतं, आणि कंपनीची बस तुमच्या भागात येते की नाही यावर सगळं अवलंबून असतं. त्यामुळे मेसेजमध्ये शहराचं नाव पुरत नाही, एमआयडीसीची नावं हवीत. शेंद्र्यातला सीनियर ‘शेंद्रा’ शब्द दिसला की थांबतो. ‘संभाजीनगर’ वाचून तो पुढे जातो, कारण ते त्याला उद्देशून आहे असं वाटत नाही.

तुमच्या विषयाला या पट्ट्यात जागा आहे. बजाज १९८५ मध्ये वाळूजला आली तेव्हापासून हे शहर गाड्यांचं आणि सुट्या भागांचं म्हणून ओळखलं जातं, पण केमिस्टचं शहर ते औषधांमुळे आहे. लुपिन, वोखार्ट, अजंता फार्मा यांचे कारखाने याच परिसरात आहेत, शिवाय लहान-मध्यम कंपन्या बऱ्याच. बिअरचे कारखाने आहेत, त्यांनाही लॅब असते. हे लोक सहसा विसरतात. रंग आणि प्लेटिंगच्या युनिटमध्येही बाथ तपासायला केमिस्ट लागतो.

मात्र बी.एस्सी. फ्रेशरला सरळ क्यूसी मिळणं अवघड असतं, हे आधीच माहीत असू द्या. तिथे एम.एस्सी. आणि बी.फार्म. झालेले रांगेत असतात. बी.एस्सी.ला पहिली संधी बहुधा प्रॉडक्शनमध्ये, पॅकिंगमध्ये किंवा ट्रेनी म्हणून मिळते. तुम्ही फक्त क्यूसी लिहिलंत तर प्रॉडक्शनमधला सीनियर गप्प बसेल, आणि ‘कोणतंही काम’ लिहिलंत तर दोघंही गप्प बसतील. दोन विभागांची नावं लिहायची, जास्त नाही.

एकच शहर मागितल्याने आपण अडेलतट्टू दिसू, अशी भीती पोरांना वाटते. कारखान्याकडून पाहिलं तर उलट आहे. एचआरला सगळ्यात जास्त त्रास सहा महिने शिकवल्यावर पुण्याला जाणाऱ्या मुलांचा होतो. ‘घरच्या जबाबदारीमुळे याच भागात राहणार आहे’ एवढं एक वाक्य तुमच्या बाजूचं आहे. त्याहून जास्त लिहू नका. आजारपण, कर्ज, शेतीचं नुकसान यातलं काहीही साडेतीनशे लोकांपुढे मांडायची गरज नाही, आणि त्याने जागा निघत नाही. हो, एका गोष्टीचा विचार करा. जाफराबादकराला जालना जवळ आहे. तिथल्या स्टील कारखान्यांना लॅबमध्ये माणूस लागतो, वितळलेल्या लोखंडाच्या नमुन्यात कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस किती हे प्रत्येक हीटला बघावं लागतं. घरची अडचण जालन्याने सुटत असेल तर ते नाव जोडा. सुटत नसेल तर नुसतं दाखवायला जोडू नका.

हे सगळं धरून तुमचा मेसेज मी असा लिहीन :

‘नमस्कार. मी (नाव, आडनाव), जाफराबाद. आपल्या कॉलेजातून यंदा बी.एस्सी. रसायनशास्त्र, फर्स्ट क्लास, एकही विषय राहिलेला नाही.
फ्रेशर म्हणून क्यूसी किंवा प्रॉडक्शनमध्ये काम शोधतोय. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा – कुठेही. जालनाही चालेल. तिन्ही शिफ्ट चालतील. घरच्या जबाबदारीमुळे याच भागात राहणार आहे. बोलावल्यापासून आठ दिवसांत रुजू होईन.
टायट्रेशन, पीएच मीटर, कलरीमीटर हाताने केलं आहे. एचपीएलसी फक्त पुस्तकात शिकलोय.
एवढंच विचारायचं आहे : तुमच्या कंपनीत येत्या दोन महिन्यांत फ्रेशर केमिस्ट घेणार आहेत का? आणि अर्ज कुणाकडे द्यायचा, एचआरकडे की कॉन्ट्रॅक्टरकडे?
(मोबाइल) (ई-मेल). मेसेज पुढे पाठवला तरी चालेल.’

यातलं एकेक का आहे ते सांगतो. ‘एकही विषय राहिलेला नाही’ हे पहिल्याच ओळीत हवं, कारण सीनियरला एचआर पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि त्याला उत्तर माहीत नसलं की गोष्ट तिथेच थांबते. निकाल लागायचा असेल तर ‘शेवटच्या सेमिस्टरचा निकाल बाकी’ असं स्पष्ट लिहा. एचपीएलसीची कबुली मुद्दाम घातली आहे. लहान कॉलेजच्या लॅबमध्ये ते यंत्र नसतं, हे संभाजीनगरच्या प्रत्येक क्यूसी मॅनेजरला माहीत आहे. रिझ्युममध्ये ‘एचपीएलसी, जीसी, यूव्हीचं ज्ञान’ असं लिहून आलेल्या पोराला तो मोबाइल फेज म्हणजे काय विचारतो आणि दोन मिनिटांत मुलाखत आटोपते. तुम्ही नाही म्हटलंत, तर तो तुम्हाला येतं त्यातलं विचारेल.

आणि शेवटचा प्रश्न. ‘काही असेल तर कळवा’ याला उत्तर देण्यासाठी माणसाच्या हाती एखादी जागा असावी लागते. ‘तुमच्याकडे फ्रेशर घेणार आहेत का आणि अर्ज कुठे द्यायचा’ याला उत्तर द्यायला जागा हातात नसली तरी चालतं, फक्त माहिती लागते, आणि ती त्याच्याकडे असते. ‘आमच्याकडे भरती कॉन्ट्रॅक्टरमार्फत चालते, गेटवर टाइम ऑफिसला विचार’ एवढं तो बसमध्ये बसल्या बसल्या टाइप करतो. तुम्हाला हवं असतं ते हेच.

दोन महिने का म्हटलं? कारखान्यात जागा जाहिरातीच्या बऱ्याच आधी रिकामी होते. पगारवाढीची पत्रं हातात पडली किंवा दिवाळीचा बोनस खात्यात आला की अनुभवी केमिस्ट राजीनामे टाकतात. त्यांची नोटीस महिना ते तीन महिन्यांची असते. तोवर वरची माणसं सरकतात आणि खालची जागा फ्रेशरसाठी उरते. हे बाहेर कुणाला कळत नाही, पण शेजारच्या टेबलावर कोण जाणार आहे, हे लॅबमधल्या प्रत्येकाला माहीत असतं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपचा खरा उपयोग हा आहे.

मेसेज टाकलात की काम अर्धं झालं. दुसऱ्या दिवशी आपल्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि ‘इन्फो’ उघडा. कुणी वाचला त्यांची नावं तिथे दिसतात (ज्यांनी ती सोय बंद केली आहे त्यांचीही, कारण ग्रुपमध्ये ती बंद होत नाही). त्या यादीतून पाच-सहा माणसं निवडा आणि त्यांना वेगळा, खाजगी मेसेज करा. कुणाला निवडायचं, यात बहुतेक पोरं चुकतात. ती आपल्याच बॅचच्या दोस्तांना विचारतात, कारण तिथे संकोच नसतो. पण दोस्ताला जे माहीत आहे ते तुम्हालाही माहीत असतंच, दोघंही त्याच कट्ट्यावर बसता. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याने जागा सांगितली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारे निघाले सुमारे १७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५६ टक्क्यांच्या आसपास आणि क्वचितच भेटणारे २८. हे १९७३-७४ सालचं काम, गाव परकं, माणसं पांढरपेशी, त्यामुळे आकडे जसेच्या तसे जाफराबादला लावू नका. पण वाळूजमध्ये जे दिसतं ते त्याच दिशेचं आहे. तुमच्याआधी सहा-आठ वर्षं पास झालेला, तुम्ही कधी न पाहिलेला सीनियर तुमच्या वर्गमित्रापेक्षा जास्त कामाचा असतो. फार वरचा, मॅनेजर झालेला निवडू नका, त्याला ट्रेनीच्या जागा माहीतच नसतात. सेक्शनमध्ये चार-पाच वर्षं काढलेला एक्झिक्युटिव्ह बघा.

खाजगी मेसेजमध्ये ग्रुपवरचाच मजकूर चिकटवू नका. ‘दादा, मी कॉलेजच्या ग्रुपवर काल मेसेज टाकला होता. अमुक सरांकडून कळलं की तुम्ही शेंद्र्याला प्रॉडक्शनमध्ये आहात. तुमच्याकडे बी.एस्सी. फ्रेशरला कोणत्या विभागात घेतात, एवढं सांगाल का? फोन करायचा असल्यास कोणती वेळ सोयीची?’ इतकंच. ‘मला लावून द्या’ म्हणू नका, ती जबाबदारी तो पहिल्या ओळखीत घेणार नाही. सरांचं नाव घ्यायचं असेल तर आधी सरांना विचारा. त्यांनी स्वतः त्या सीनियरला एक फोन केला तर तुमचे पाच मेसेज वाचतात. तसं करण्यात त्यांनाही रस असतो, कारण नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक स्वतंत्र मुद्दा आहे आणि कॉलेजला त्याची नोंद दाखवावी लागते.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण द्या, नंतर सोडून द्या. ग्रुपवरचा मेसेज महिन्याभराने पुन्हा टाकायला हरकत नाही, पण काहीतरी बदललेलं हवं. ‘दरम्यान अमुक ठिकाणी मुलाखत दिली’ किंवा ‘एचपीएलसीचा दोन आठवड्यांचा कोर्स केला’ असं काही. संध्याकाळी आठनंतर टाका, सणाच्या दिवशी अजिबात नको.

एक ताकीद. या मेसेजला फोन येतो तो वेळ न सांगता येतो. सीनियर फोनवरच चाचपून बघतो, कारण त्याला तुमचं नाव पुढे करायचं असतं. मी भरती बघायचो तेव्हा केमिस्ट्रीवाल्याला परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन विचारायचो. फ्लास्क गरम का करता? ‘जर्नलमध्ये तसं लिहिलंय’ हे उत्तर नेहमी यायचं. ज्याने ते हाताने केलंय त्याला आठवतं की थंड द्रावणात सुरुवातीचा गुलाबी रंग जाता जात नाही, अभिक्रिया हळू चालते, म्हणून साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं. पुढे मँगनीजचे आयन तयार झाले की तेच वेग वाढवतात. एवढं सांगणारा मुलगा मला पुरेसा वाटायचा. नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटी, बफर म्हणजे काय, बिअर-लॅम्बर्टचा नियम आणि जीएमपी म्हणजे काय, याची दोन-दोन वाक्यांत उत्तरं तोंडावर असू द्या.

आणि ग्रुपवर कुणी जाहिरात टाकली आणि तिच्यात ‘एफडीए अप्रूव्ह्ड’ असं दिसलं, तर ती तुमच्यासाठी नाही. तिथे अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेला, अनुभव असलेला माणूस हवा असतो. दरवर्षी डझनभर फ्रेशर तिथे अर्ज करतात आणि उत्तर आलं नाही म्हणून खचतात. आणखी एक बारीक गोष्ट. नोकरीच्या पोर्टलवर शहराचं जुनं नाव अजून चालतं. २०२३ मध्ये नाव बदललं, पण बऱ्याच कंपन्यांच्या नोंदी औरंगाबाद नावानेच आहेत. दोन्ही नावांनी शोधा. जुन्या नावाने शोधलंत तर बिहारमधल्या औरंगाबादच्याही जागा येतील, अर्ज करण्याआधी राज्य बघा.

प्रश्न : मी टेंभुर्णीची, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. मलाही संभाजीनगरलाच काम हवं आहे, मावशीकडे राहायची सोय आहे. पण ग्रुपमध्ये बहुतेक पुरुष आहेत. नंबर टाकला की नको ते मेसेज येतील, असं आई म्हणते. नंबर न टाकता चालेल का?

उत्तर : आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ग्रुपमध्ये तुमचा नंबर आत्ताही सगळ्यांना दिसतो, तिथे तो लपलेला नाहीच. फरक पडतो तो मेसेज बाहेर फिरायला लागल्यावर. कुणाच्या हातात कुणाचा नंबर पडेल हे सांगता येत नाही. म्हणून मेसेजमध्ये नंबराऐवजी ई-मेल द्या, नोकरीसाठी वेगळा उघडलेला, आणि तो दिवसातून दोनदा बघा. शेवटी लिहा : ‘फोन नंबर कळवते, त्यासाठी मेल करावा.’ खरंच जागा असलेला माणूस मेल करतो.

त्यापेक्षाही बरा मार्ग तुमच्या विषयामुळे मोकळा आहे. औषध कारखान्याच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये मुली बऱ्याच असतात. पाण्याची तपासणी, एन्व्हायर्न्मेंट मॉनिटरिंग, मीडिया तयार करणं, ऑटोक्लेव्ह चालवणं ही कामं तिथे चालतात. ग्रुपमध्ये एखादी ताई आहे का हे तुमच्या मॅडमना विचारा आणि ग्रुपऐवजी आधी तिलाच लिहा. तिला दोन गोष्टी स्पष्ट विचारा : त्या लॅबमध्ये मुलींना रात्रपाळी असते का, आणि बस मावशीच्या भागात कुठल्या थांब्यापर्यंत येते. या दोन्ही गोष्टी जाहिरातीत नसतात आणि एचआर मुलाखतीत गुळमुळीत सांगतं. तिथे काम करणारीच नेमकं सांगू शकते. मेसेजमध्ये मात्र ‘फक्त दिवसपाळी’ असं पहिल्यांदाच लिहू नका. आधी कळू द्या की आहे काय. तुम्हाला खरोखर रात्रपाळी शक्यच नसेल तर मुलाखतीत सांगा, रुजू झाल्यावर नको.

प्रश्न : माझ्या मुलाने ग्रुपवर मेसेज टाकल्यावर एकाचा फोन आला. वाळूजच्या मोठ्या कंपनीत जागा पक्की आहे, मेडिकल, गेट पास आणि युनिफॉर्मचे मिळून साडेतीन हजार भरा म्हणतो. तो कॉलेजच्याच ग्रुपमध्ये आहे. भरावे का? – एक शेतकरी, जाफराबाद तालुका

उत्तर : भरू नका. ग्रुपमध्ये आहे म्हणून तो कॉलेजचा विद्यार्थी होता असं होत नाही. लिंक फिरली की कुणीही आत येतो, आणि ॲडमिन प्रत्येकाची बॅच तपासत बसत नाही. कॉलेजात फोन करून तो कोणत्या वर्षी पास झाला, एवढं विचारा. पुष्कळदा गोष्ट तिथेच उलगडते.

तो खरोखर माजी विद्यार्थी निघाला तरी पैसे द्यायचे नाहीत. नीट चालणारी कंपनी नोकरीआधीची वैद्यकीय तपासणी आपल्या ठरलेल्या डॉक्टरकडे, आपल्या खर्चाने करते. गेट पासला उमेदवाराकडून पैसे घेत नाही. कॉन्ट्रॅक्टरमार्फत जागा असेल तर त्याचं नाव विचारा, मुलाला एक दिवस वाळूजला पाठवा आणि कंपनीच्या गेटवरच्या टाइम ऑफिसमध्ये विचारायला सांगा : हा कॉन्ट्रॅक्टर तुमच्याकडे आहे का? खरा असेल तर नाव ऐकताच ओळखतात. नंतर कॉन्ट्रॅक्टरला विचारायचं की पीएफ कुणाच्या नावाने भरला जाईल आणि महिन्याला हातात किती येतील. याची उत्तरं सरळ मिळाली तर कॉन्ट्रॅक्टरची नोकरीही पहिल्या वर्षासाठी वाईट नाही. वाळूजमध्ये पुष्कळांनी तशीच सुरुवात केली आहे. पैसे आधीच ऑनलाइन पाठवले असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर होईल तितकी रक्कम अडवून धरणं कठीण होतं.

प्रश्न : मी दुसऱ्या बाजूचा माणूस. जाफराबादहूनच शिकलो, आता चिकलठाण्याला क्यूएमध्ये आहे. ग्रुपवर दर जून-जुलैला असे मेसेज येतात. गेल्या वर्षी एकाला लावून दिलं, तो पंधरा दिवसांत न सांगता गेला आणि मला सेक्शन हेडची बोलणी खावी लागली. आता मी उत्तरच देत नाही. चुकतं का माझं?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, पण गप्प राहणं आणि लावून देणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे. पुढे कळवताना शब्द सांभाळा. ‘हा आमच्या कॉलेजचा आहे, मी याला ओळखत नाही, तुम्ही बघून घ्या’ असं लिहून रिझ्युम पाठवलात तर तुमचा शब्द अडकत नाही, पोराचं कामही होतं. ज्याच्याशी तुम्ही स्वतः फोनवर बोललात त्याच्यासाठीच ‘माझ्या ओळखीचा’ म्हणा. कंपनीत रेफरलची योजना असेल आणि पोर्टलवर तुमचं नाव टाकावं लागत असेल, तर ते या दुसऱ्या प्रकारच्यांसाठीच ठेवा.

पंधरा दिवसांत पळणाऱ्यांपैकी बरेच आळशी नसतात. त्यांना काम काय आहे ते कुणी सांगितलेलं नसतं. प्रॉडक्शन ट्रेनी म्हणजे एअर कंडिशन्ड खोलीत बसणं, अशी त्यांची समजूत असते. मग ग्रॅन्युलेशनच्या एरियात डोक्यापासून पायापर्यंत झाकून, मास्क लावून आठ तास उभं राहावं लागतं, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, एक खाडाखोड झाली की बॅच रेकॉर्डवर सही-तारीख मागतात आणि महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी येते. फोनवर पाच मिनिटं खर्च करून हे सगळं सांगा. सुरुवातीला हातात किती पडतात आणि खोलीभाडं, मेस जाऊन किती उरतात तेही सांगा. एवढं ऐकूनही ‘येतो’ म्हणणारा बहुधा टिकतो. ‘विचार करून सांगतो’ म्हणणाऱ्याचं नाव पुढे करू नका, तो स्वतःहून परत फोन करेपर्यंत.

आणि तुमच्याकडे जागाच नसेल, तर ग्रुपवर उघड एक ओळ टाका : ‘आमच्याकडे सध्या फ्रेशर बंद आहेत, दिवाळीनंतर विचारा, भरती थेट एचआरकडून होते, अर्ज कंपनीच्या साइटवर.’ ही ओळ त्या एका मुलासाठी नसते. न विचारता नुसतं वाचणारे तीस-चाळीस जण असतात, त्यांचाही चिकलठाण्याचा हेलपाटा वाचतो.